दर पावसाळ्यात त्याच सांध्यातून गळणारी पन्हळ

मे महिन्यात सांध्याला सिलिकॉन भरायचं, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागायचा आणि महिना उलटायच्या आत तोच सांधा परत टपटपायला लागायचा. मुंबईच्या बैठ्या चाळीत, बंगल्यांच्या पडवीत, सोसायटीच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडला, सगळीकडे ही रड सारखीच. बहुतेक घरांत गळणाऱ्या सांध्यावर सिलिकॉनचे तीन-चार थर चढलेले दिसतात, एकावर एक, जुने पिवळे आणि नवे पांढरे.

सरळ सांगतो, असा सांधा सहसा सांध्यामुळे गळत नाही. पन्हळीचा ढाळ कुठेतरी चुकलेला असतो, किंवा पन्हळीला उन्हात लांब व्हायला जागा ठेवलेली नसते, आणि पुष्कळदा दोन्ही. सिलिकॉन बिचारं त्याची शिक्षा भोगत असतं. इथे मी पीव्हीसीच्या अर्धगोल पन्हळीबद्दल लिहितोय, कारण हल्ली घरोघरी तीच बसते. जीआय पत्र्याच्या पन्हळीचं थोडं शेवटी.

आधी नक्की काय चाललंय ते बघा

पाऊस पडत असताना खाली उभं राहून फारसं कळत नाही. पाऊस थांबल्यावर बघा. पाऊस थांबून अर्धा तास झाला, पत्र्याच्या पागोळ्याही थांबल्या, तरी पन्हळीचा एक सांधा टपकतोच आहे, म्हणजे आत पाणी साचलंय आणि ते सांध्यातून हळूहळू बाहेर येतंय. हे ढाळाचं दुखणं. फक्त जोराच्या सरीत पुढच्या कडेवरून पाण्याचा पडदा पडतो आणि सर ओसरली की लगेच बंद होतो, तर पन्हळ गळत नाही, भरून वाहते. तिथे पाला अडकलाय किंवा पन्हळ लहान पडतेय, आणि कितीही सिलिकॉन लावून उपयोग नाही. तिसरा प्रकार टोकाच्या टोपणाचा, म्हणजे एंड कॅपचा. टोपण उंच बाजूला आहे, तिथे पाणी साचण्याचा प्रश्नच नाही, तरी पावसात तिथून धार लागते. अशा वेळी टोपण जागेवरून सरकलंय का ते हाताने चाचपून बघा.

पन्हळीत पाणी साचणं हे नुसतं गळतीपुरतं नसतं. सरींमध्ये आठवडाभराची उघडीप मिळाली की त्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात, आणि पालिकेची माणसं तपासणीला आली की शिडी लावून वर बघतात.

भांडुपची चार खोल्यांची चाळ

एक उदाहरण पूर्ण घेतो, म्हणजे आकडे कुठून येतात ते कळेल. भांडुपच्या डोंगराकडच्या बाजूला चार खोल्यांची बैठी चाळ. प्रत्येक खोली साधारण 3 मीटर रुंद, म्हणजे समोरची पावळी 12 मीटर. पत्र्याचा उतार पुढे, पन्हळ पाच इंची, 3 मीटरचे चार तुकडे, ते जोडणारे तीन कपलर. डावीकडच्या टोकाला एंड कॅप, तीही शेजारच्या चाळीच्या भिंतीला टेकलेली. उजव्या टोकाला आउटलेट आणि तिथून पाईप खाली नालीत. गळत होतं दोन ठिकाणी, मधल्या कपलरमधून आणि डावीकडच्या टोपणातून. मधला कपलर दुसऱ्या आणि तिसऱ्या खोलीच्या मधोमध, त्यामुळे दोन्ही घरांच्या उंबऱ्यावर पाणी.

तिसऱ्या खोलीतल्या काकू म्हणाल्या, "अरे दादा, लावणाऱ्याने उतार बरोबर दिलाय. मी स्वतः बघितलंय, या टोकापेक्षा ते टोक खाली आहे." काकूंचं चुकत नव्हतं. टोकं बरोबरच होती.

मोजायला लागते ती गवंड्यांची साधी लेव्हल ट्यूब, पारदर्शक नळी आणि त्यात पाणी. नळीत बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर आकडे खोटे येतात. दोन माणसं लागतात. डावीकडच्या टोकाला पन्हळीच्या तळाशी पाण्याची पातळी धरून तिला शून्य मानलं, आणि दर 3 मीटरवर पन्हळीचा तळ त्या पातळीपेक्षा किती खाली आहे ते मोजलं. आकडे असे आले: 3 मीटरवर 13 मिलिमीटर, 6 मीटरवर 31, 9 मीटरवर 27, आणि उजव्या टोकाला 36.

आता हे वाचा. 12 मीटरला 36 मिलिमीटर, म्हणजे मीटरला 3. कागदावर एकदम व्यवस्थित ढाळ. पण 6 मीटरवर तळ 31 खाली आणि पुढे 9 मीटरवर 27. म्हणजे मधल्या सांध्यापासून पुढे पाण्याला 4 मिलिमीटर वर चढावं लागतंय. पाणी चढत नाही, ते तिथेच थांबतं. मधल्या कपलरमध्ये पावसाळाभर 4 मिलिमीटरचं तळं, आणि वर सिलिकॉन. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाण्यात बुडालेला सांधा जरासा जरी उघडला तरी गळणार. हाच सांधा ढाळावर असता, तर सरीनंतर दोन मिनिटांत कोरडा झाला असता आणि त्यातली बारीक फट कुणाला कळलीही नसती.

तळं पडण्याचं कारण फळीत होतं. पन्हळीचे ब्रॅकेट ज्या लाकडी फळीवर ठोकले होते, ती फळी वाशांच्या टोकांना साध्या लोखंडी स्क्रूने धरलेली. खाऱ्या हवेत ते गंजले, मधले दोन तर बोटाने निघाले. फळी मध्ये 13 मिलिमीटर खाली आली आणि तिच्याबरोबर पत्र्याची कडही. पन्हळ लावताना कुणी फळीच्या किंवा पत्र्याच्या कडेवरून माप घेतलं तर नेमकं हेच होतं. जुन्या चाळीत कुठलीही कड सरळ नसते. माप पाण्याच्या पातळीवरूनच घ्या, डोळ्यावर आणि फळीवर विश्वास ठेवू नका.

ऊन आणि टोपण

डावीकडच्या टोपणाची गोष्ट वेगळी. शेजारच्या भिंतीच्या गिलाव्यावर टोपणाच्या आकाराचा घासल्याचा अर्धगोल डाग होता. पीव्हीसी तापलं की लांबतं. दर मीटरला, दर अंश सेल्सिअसला साधारण 0.06 मिलिमीटर. मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या कडेची पन्हळ 55 अंशांच्या आसपास तापते, आणि जुलैच्या पावसात ती 25 वर येते. 30 अंशांचा फरक. 12 मीटरला हिशेब केला तर 0.06 गुणिले 12 गुणिले 30, म्हणजे जवळजवळ 22 मिलिमीटर.

हे 22 मिलिमीटर कुठेतरी जायला हवेत. उजवं टोक खालच्या पाईपने जखडलेलं, डावं टोक भिंतीला टेकलेलं आणि सगळे कपलर आत ठासून बसवलेले. मग उन्हाळ्यात पन्हळ भिंतीवर दाबली जाते आणि टोपण आपल्या खाचेतून तिरकं होतं. पावसात थंड झाली की आखडते, टोपण तिरकंच राहतं, रबर एका बाजूने सुटतं आणि धार लागते. सिलिकॉन लावणारा मे महिन्यात लावतो, म्हणजे पन्हळ सर्वांत लांब असताना. पुढे ती आखडली की नवं सिलिकॉन ताणून फाटतं. सिलिकॉन वाईट असतं म्हणून नव्हे, त्याला दरवर्षी ओढलं जातं म्हणून. शिवाय जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन चिकटत नाही. थर कितीही द्या, खालचा सुटलेलाच असतो.

पन्हळ पुन्हा कशी टांगली

पहिलं काम, आउटलेट उजव्या टोकावरून मध्ये आणलं. याची तीन कारणं होती. एक, फळी तशीही मध्ये खचत होती, म्हणजे पाण्याला कुठे जायचंय ते तिनेच सांगितलं होतं. दोन, ढाळ 12 मीटरऐवजी 6-6 मीटरला द्यायचा, त्यामुळे खालच्या टोकाला पत्रा आणि पन्हळ यांच्यात फार अंतर पडत नाही. तीन, पन्हळीला मध्ये धरून दोन्ही टोकं मोकळी सोडता येतात, म्हणजे उन्हात ती दोन्हीकडे 11-11 मिलिमीटर पसरेल आणि कुणाच्या भिंतीवर दाब येणार नाही. नाली चाळीच्या समोर सलग असल्यामुळे पाईप मधल्या भिंतीवरून खाली उतरवायला अडचण नव्हती. ज्यांच्याकडे नाली एकाच टोकाला आहे त्यांनी आउटलेट तिथेच ठेवावं, फक्त दुसरं टोक मोकळं सोडावं.

पाण्याच्या हिशेबातही फायदा झाला. छप्पर 12 बाय 4 मीटर, म्हणजे 48 चौरस मीटर. तासाला 100 मिलिमीटरच्या वेगाने सर आली तर मिनिटाला 80 लिटर पाणी. मुंबईत असा जोर अर्धा तास टिकणं काही नवलाचं नाही. पाच इंची अर्धगोल पन्हळ, स्वच्छ आणि काठोकाठ भरलेली, मिनिटाला साधारण 80 लिटरच वाहून नेते. म्हणजे आधीची पन्हळ अगदी काठावर होती, थोडा पाला अडकला की पुढून सांडणारच. आउटलेट मध्ये आल्यावर प्रत्येक बाजूला 40 लिटर. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर झाला होता. तसल्या दिवसासाठी घरगुती पन्हळ कुणी बांधत नाही, त्या दिवशी ती सांडली तरी चालेल. म्हणून पन्हळीची पुढची कड मागच्या कडेपेक्षा दोन-तीन मिलिमीटर खाली ठेवायची, म्हणजे सांडलंच तर अंगणात सांडेल, फळीवर आणि भिंतीवर नाही.

फळी वर उचलून वाशांना नव्या स्क्रूने बांधली. स्क्रू स्टेनलेस 304 चे घ्या. पिवळ्या पॉलिशचे स्वस्त स्क्रू दुकानदार हमखास देतो, पण समुद्राच्या हवेत ते एक-दोन पावसाळ्यांत गंज धरतात.

मग ढाळ. मी मीटरला 4 मिलिमीटर धरतो. कंपन्या मीटरला 2-3 सांगतात आणि स्वच्छ पन्हळीला तेवढे पुरतात, पण आपल्याकडे धूळ, सोनमोहोराची फुलं आणि कावळ्यांनी आणलेल्या काड्या यांचा गाळ पुढे ढकलायला थोडा जास्त उतार बरा. त्याहून जास्त देऊ नका, खालचं टोक पत्र्यापासून लांब जातं आणि वाऱ्याच्या सरीत पाणी पन्हळीच्या मागून पडतं. 6 मीटरला 24 मिलिमीटर. लेव्हल ट्यूबने दोन्ही टोकांना सारख्या उंचीची खूण केली, मध्यावर तिच्या 24 मिलिमीटर खाली. उजवं टोक आधी 36 खाली होतं, ते तेवढंच वर आलं. डावं टोक जागच्या जागी राहिलं.

दोन्ही टोकांचे आणि मधल्या आउटलेटजवळचे ब्रॅकेट आधी बसवा आणि त्यांच्यामध्ये नायलॉनची लाईनदोरी ताणून बांधा. सुती दोरी मध्ये झोळ देते आणि तोच झोळ पुढे पन्हळीत उतरतो. दर 60 सेंटिमीटरला एक ब्रॅकेट, म्हणजे 6 मीटरमध्ये दहा गाळे, आणि प्रत्येक ब्रॅकेट आधीच्यापेक्षा सुमारे अडीच मिलिमीटर खाली. हे दर वेळी मोजत बसायचं नाही, ब्रॅकेटचा तळ दोरीला नुसता स्पर्श करायला हवा, दोरी वर उचलली जाऊ नये. 1 मीटर अंतरावर ब्रॅकेट ठोकून पैसे वाचवू नका. पाच इंची पन्हळ काठोकाठ भरली की मीटरला सहा किलो पाणी होतं, वर ओला गाळ. दोन ब्रॅकेटच्या मधला भाग उन्हात मऊ पडून झोळ धरतो, आणि आपण परत तळ्यापाशी येतो. प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना वीतभराच्या आत एकेक ब्रॅकेट हवाच. सांध्याला वजन पेलायला लावायचं नाही.

पत्र्याची कड पन्हळीत चार-पाच सेंटिमीटर यावी. पन्हळीच्या मध्यापलीकडे गेली तर जोराचं पाणी पुढची कड ओलांडून उडतं, कमी आली तर पागोळ्या फळीवरून ओघळतात.

सांधे

आधीच्या तीन कपलरपैकी मधला गेला, त्याच्या जागी आउटलेट आलं. आता 3 आणि 9 मीटरवर दोनच कपलर. प्रत्येकाच्या आत रबराची पट्टी असते. जुनी पट्टी चपटी आणि कडक झाली असेल तर कपलरच नवा घ्या, नुसती पट्टी बाजारात मिळवणं म्हणजे वेळ घालवणं. पन्हळीचं टोक हॅकसॉने काटकोनात कापा, कानशीने आतबाहेरची धार घासा. वाकडं कापलेलं टोक रबरावर एकाच बाजूने बसतं आणि कापलेली धार रबर चिरते. रबराला साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन ग्रीस लावा. गाडीचं ग्रीस, नारळाचं तेल, रॉकेल काहीही लावू नका, कपलरचं रबर तेलाने फुगतं आणि मऊ पडतं.

मग महत्त्वाचं. पन्हळ कपलरमध्ये शेवटपर्यंत ठासायची नाही. पुष्कळ कपलरच्या आत एक रेघ असते, पन्हळीचं टोक तिथवर. रेघ नसेल तर आतल्या थांब्यापासून मोकळी जागा ठेवा. भर दुपारी काम करत असाल तर 2-3 मिलिमीटर पुरेत, कारण पन्हळ तेव्हाच लांब झालेली असते आणि नंतर आखडणार आहे. सकाळी गारव्यात करत असाल तर 5-6 ठेवा. 3 मीटरचा एक तुकडा वर्षभरात साधारण साडेपाच मिलिमीटर हलतो, त्यावरून हा आकडा येतो.

टोपण बसवताना आतून रबर नीट बसलंय ना ते बघा आणि भिंतीपासून निदान दोन सेंटिमीटर अंतर ठेवा. इथे डाव्या बाजूला पन्हळीचा तुकडा तेवढा कापून आखूड केला. त्या फटीतून पाणी पडेल अशी काकूंना शंका होती. पत्रा पन्हळीच्या टोकाच्या बाहेर गेला नाही तर पडत नाही. इथे कडेच्या पत्र्याला वळण मारून पाणी आत घेतलं.

सॉल्व्हंट सिमेंटने चिकटवायची पन्हळ असेल तर तिचे सगळे सांधे एकजीव होतात आणि कपलरमध्ये हलायला जागा उरत नाही. मग सगळा विस्तार टोकांना जातो, तेव्हा टोकं मोकळी सोडणं आणि ब्रॅकेटमध्ये पन्हळ सरकती ठेवणं भाग आहे. ब्रॅकेटमधून पन्हळीत स्क्रू मारणारे लोक मी पाहिलेत, तो स्क्रू पुढच्या उन्हाळ्यात पन्हळीला चीर पाडतो.

सिलिकॉन अजिबात लावायचं नाही का? रबराच्या सांध्याला नाही. टोपणाच्या आतल्या कोपऱ्याला बारीक रेघ हवी असेल तर न्यूट्रल प्रकारचं घ्या. व्हिनेगरसारखा वास येतो ते नको, पीव्हीसीवर त्याची पकड कच्ची आणि जस्ताच्या पत्र्याला तर ते खातं. जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून, जागा कोरडी करून मगच लावा, आणि हाताला चिकटणं बंद झालं तरी दिवसभर पाणी लागू देऊ नका.

तपासणी

पाऊस यायची वाट बघू नका. आउटलेटमध्ये फडक्याचा बोळा घट्ट बसवा आणि मध्ये 30 मिलिमीटरपर्यंत पाणी भरा. टोकं 24 मिलिमीटर उंच असल्याने टोपणांपर्यंत जेमतेम 6 मिलिमीटर पाणी पोचतं आणि कपलर साधारण 18 मिलिमीटर बुडतात. सगळ्या सांध्यांना खालून खडूची कोरडी भुकटी चोळून ठेवा. अर्ध्या तासात एखाद्या सांध्याखालची भुकटी गडद झाली तर तिथे ओल आहे, थेंब पडायच्या आधीच कळतं. मग बोळा काढा, पाणी वाहून जाऊ द्या आणि शिडीवरून आत बघा. पातळ ओला थर राहील, तो चालतो. करंगळीचं टोक बुडेल एवढं पाणी कुठे थांबलं असेल तर त्या जागचा ब्रॅकेट थोडा वर उचला.

हे सगळं वाचून जुलै उजाडला असेल आणि घरात पाणी टपकत असेल, तर पावसात सांधे उघडू नका. उघडीप बघून साचलेल्या जागी एक जास्तीचा ब्रॅकेट लावा आणि पन्हळ 5-10 मिलिमीटर उचला. तळं गेलं की गळती निम्म्याहून कमी होते, कधी बंदच होते. उरलेलं काम दिवाळीनंतर.

जीआय पत्र्याच्या पन्हळीला ढाळाचे नियम हेच, पण ती कमी लांबते आणि सांधा वेगळा असतो. वरच्या बाजूचा तुकडा खालच्या तुकड्याच्या आत, निदान 10 सेंटिमीटर चढवलेला हवा, म्हणजे पाणी सांध्यावरून घसरत जातं. सीलंट दोन पत्र्यांच्या मध्ये भरून मग रिव्हेट मारायचे. वरून फासलेलं सीलंट उन्हात पापुद्रा होऊन निघतं. चाळीच्या पन्हळी उघडून बघितल्या तर हा तुकडा अर्ध्या वेळा उलटा चढवलेला सापडतो, आणि तिथे सांधा पूर्ण उकलून नव्याने जोडण्याशिवाय इलाज नसतो.